शुक्राचे पूर्णबिंब

११ डिसेंबर १६१० रोजी गॅलिलिओने फ्लॉरेन्सहून प्रागला एक पत्र धाडले. पत्र होते तिथल्या तस्कनीच्या राजदूताच्या, ज्युलियानो दे मेदिचीच्या नावे. पण त्यातली एक लॅटिन ओळ खऱ्या अर्थाने होती सम्राटाचा गणिती योहानेस केप्लर याच्यासाठी. तिचा वरवरचा अर्थ असा लागे, की या कच्च्या गोष्टी मी सध्या उगाच वाचत बसलो आहे. ओळीच्या शेवटी दोन अक्षरे कशातच न बसलेली, तशीच लोंबकळत होती. कारण ती ओळ नव्हतीच. एका वेगळ्या वाक्याची अक्षरे सुटी करून, उलटीपालटी करून पुन्हा जुळवलेले ते कोडे होते.

त्या काळी शोध नोंदवायला नियतकालिके नव्हती. एखादी गोष्ट पुरती पक्की झालेली नाही, पण दुसऱ्या कुणी आधी जाहीर करू नये, अशा पेचात सापडलेला माणूस ती अशी कुलूपबंद करून ठेवी. शोध पक्का झाला की अक्षरे लावून दाखवायची. फसला तर गप्प राहायचे. गॅलिलिओने चारेक महिन्यांपूर्वी शनीबद्दल असेच कोडे पाठवले होते. केप्लरने तेव्हा अक्षरांशी झटापट करून त्यातून मंगळाला दोन चंद्र असल्याचे वाक्य काढले होते. (मंगळाला खरेच दोन चंद्र निघाले, पण ते १८७७ साली, केप्लरचे उत्तर चुकले ते चुकलेच.) या नव्या कोड्यापुढेही त्याने हात टेकले. अखेर १ जानेवारी १६११ च्या पत्रात गॅलिलिओने स्वतःच उकल कळवली: प्रीतीची माता चंद्राच्या रूपांची नक्कल करते आहे. प्रीतीची माता म्हणजे व्हीनस, आपला शुक्र. शुक्राला चंद्रासारख्या कला आहेत.

हा प्रसंग शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्याबरोबर एक चित्र येते: शुक्राची नाजूक कोर. त्या चित्राने वाचकाची थोडी दिशाभूल होते. शुक्राची कोर दिसली म्हणून जुन्या विश्वरचनेचे काहीही बिघडत नव्हते. ती रचना मानणाऱ्याला कोर अपेक्षितच होती. त्याला जे कधीच दिसायला नको होते ते दुसरेच काहीतरी होते, आणि ते गॅलिलिओला कोर दिसण्याच्या आधीच दिसून गेले होते.

मुळात कला का दिसतात? शुक्र स्वतः प्रकाशत नाही. सूर्याकडे तोंड असलेला त्याचा अर्धा गोल नेहमीच उजळलेला असतो, उरलेला अर्धा अंधारात. त्या उजळ अर्ध्याचा किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, एवढाच प्रश्न असतो. इथपर्यंत चंद्राचे आणि शुक्राचे सारखेच आहे. फरक पडतो तो फेरी कुणाभोवती आहे यात. चंद्र आपल्याभोवती फिरतो, म्हणून त्याचे अंतर जवळपास तेवढेच राहते. कोर असो वा पूर्णबिंब, आकार तोच. शिवाय पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य मावळताना तो उगवतो. शुक्राचे असे होत नाही. तो सूर्यापासून आकाशात ४७ अंशांपलीकडे जातच नाही. संध्याकाळी पश्चिमेला नाही तर पहाटे पूर्वेला, मध्यरात्री डोक्यावर कधीही नाही. मग त्याची पौर्णिमा कधी? तो सूर्याच्या पलीकडे असतो तेव्हा. त्या वेळी त्याची उजळ बाजू आपल्याकडे असते, पण अंतर असते सुमारे २६ कोटी किलोमीटर. उलट तो सूर्याच्या आणि आपल्या मधे येतो तेव्हा अंतर अवघे चार कोटींवर येते आणि अंधारी बाजू आपल्याकडे वळते. म्हणजे शुक्र जेवढा भरलेला तेवढा लहान, आणि जेवढा कोरलेला तेवढा मोठा. लहान-मोठ्यातली तफावत सहापट आहे.

आपल्या पंचांगात शुक्राचा अस्त कधी दोन महिन्यांच्या आसपास लांबतो आणि लग्नसराई अडवून धरतो, तर कधी जेमतेम आठवड्याभरात उरकतो, त्याचे कारणही हेच. लांबलेला अस्त सूर्यापलीकडून जाणाऱ्या, सावकाश सरकणाऱ्या शुक्राचा. आटोपशीर अस्त सूर्याच्या अलीकडून चटकन निघून जाणाऱ्या शुक्राचा.

आता टॉलेमीकडे वळू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात त्याने मांडलेली रचना चौदाशे वर्षे चालली, आणि ती चालली ती अडाणीपणामुळे नव्हे, तर तिने ग्रहांची स्थाने बऱ्यापैकी बरोबर निघत म्हणून. मध्ये स्थिर पृथ्वी. तिच्याभोवती क्रमाने चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी. प्रत्येक ग्रह एका लहान वर्तुळावर फिरतो आणि त्या लहान वर्तुळाचा मध्य मोठ्या वर्तुळावरून पृथ्वीभोवती फिरतो. शुक्र सूर्याला सोडून जात नाही, हे साधण्यासाठी टॉलेमीने एक अट घातली होती: शुक्राच्या लहान वर्तुळाचा मध्य कायम पृथ्वी आणि सूर्य यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेत राहायचा. त्या वर्तुळावर शुक्र डावी-उजवीकडे झुलत राहतो, आणि आपल्याला तो कधी सूर्याच्या पूर्वेला, कधी पश्चिमेला दिसतो.

गंमत अशी, की ग्रह आकाशात कुठल्या दिशेला दिसेल एवढेच काढायचे असेल तर ते लहान वर्तुळ किती दूर आहे याला काहीच महत्त्व नाही. वर्तुळ दूर सरकवा आणि त्याच प्रमाणात मोठे करा. दिशा तीच येईल. म्हणून अंतर ठरवायला टॉलेमीने वेगळा नियम लावला. ग्रहांचे गोल एकात एक घट्ट बसवलेले, मध्ये पोकळी नाही आणि एकाची हद्द दुसऱ्यात शिरत नाही. त्या हिशेबाने शुक्राचे पृथ्वीपासूनचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या १६६ पट ते १,०७९ पट येते, आणि सूर्याचे सुरू होते ते १,१६० पटीपासून. याचा अर्थ शुक्र सतत सूर्याच्या अलीकडे. सूर्यापलीकडे जाण्याची त्याला परवानगीच नाही.

आणि सतत सूर्याच्या अलीकडे असलेला शुक्र आपल्याला कसा दिसेल? सूर्य त्याच्या पाठीमागे, त्यामुळे उजळ बाजू मुख्यतः पलीकडे. टॉलेमीचेच आकडे घेऊन गणित मांडून पाहावे. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त दूर, म्हणजे ४७ अंशांवर आहे असे धरले, तर त्याच्या बिंबाचा सुमारे तीस टक्के भाग उजळ दिसायला हवा, म्हणजे कोरच. इतर कुठल्याही जागी धरला तरी उजळ भाग अर्ध्यापर्यंत पोहोचत नाही. पृथ्वी आणि सूर्य ही दोन टोके धरून एक वर्तुळ काढले, तर शुक्राचे लहान वर्तुळ सगळेच्या सगळे त्याच्या पोटात बसते; आणि त्या पोटातल्या कुठल्याही बिंदूवरून पाहिले तरी पृथ्वी आणि सूर्य यांच्यातला कोन काटकोनाहून मोठाच राहतो. त्याचा परिणाम म्हणजे अर्ध्याहून कमी उजेड. आकाराची सहापट वाढ-घट टॉलेमीच्या रचनेतही होते. नुसत्या त्या वाढीने काही सिद्ध होत नाही. पण अर्ध्याहून जास्त भरलेला शुक्र तिथे अशक्य.

इथे एक पळवाट होती, आणि ती जुनी होती. शुक्र सूर्याच्या वर आहे असे मानणारेही प्राचीन काळापासून होते. प्लेटोच्या क्रमात चंद्रानंतर थेट सूर्यच येतो. तसे मानले तर शुक्र कायम भरलेला दिसेल, कोर कधीच होणार नाही. म्हणजे दोन्ही पक्षांच्या वाट्याला कलांचा एकेक तुकडा येत होता. एकाला कोर चालणार होती, दुसऱ्याला पूर्णबिंब. एकाच शुक्राची दोन्ही रूपे पाळीपाळीने दिसली, तरच दोघांचीही पंचाईत होणार होती.

हे सगळे दुर्बिणीआधी कुणाला सुचले नव्हते असे नाही. कोपर्निकसने १५४३ च्या आपल्या ग्रंथात या वादाचा उल्लेख केला आहे: ग्रह जर काळोखे असतील आणि सूर्याखाली असतील, तर ते अर्धे किंवा तुकड्यासारखे का दिसत नाहीत, असे काही जण विचारतात, त्यावर दुसरे उत्तर देतात, की ग्रहांना स्वतःचा प्रकाश असेल, नाही तर सूर्यप्रकाश त्यांच्या अंगात भिनत असेल. कोपर्निकस स्वतः यावर निकाल देत नाही. ‘एक दिवस माणसाला शुक्राच्या कला दिसतील’ असे भाकीत त्याने केले होते, ही कथा मागाहून रचलेली आहे आणि आजही बिनदिक्कत छापली जाते. उलट त्याच ग्रंथाला ओसिअँडर नावाच्या धर्मोपदेशकाने स्वतःचे नाव न घालता जी प्रस्तावना जोडली, तीत शुक्राचाच दाखला या सगळ्या भूमितीविरुद्ध दिला आहे. शुक्र इतका जवळ-दूर होत असेल तर त्याचा व्यास चौपट आणि बिंब सोळापट वाढायला हवे. तसे तर कुणालाच कधी दिसलेले नाही, म्हणून ही गणिते फक्त हिशेबापुरती घ्या, असा त्याचा सूर.

ओसिअँडरची शंका रास्त होती. नुसत्या डोळ्यांना शुक्राचे बिंब दिसत नाही, तेज दिसते. आणि तेज फार बदलत नाही, कारण शुक्र मोठा होतो तसतसा कोरला जातो. जवळ येण्याचा फायदा उजेड कमी होण्याने खाऊन टाकला जातो. कलांनीच आपला पुरावा दीड हजार वर्षे झाकून ठेवला होता.

आता फ्लॉरेन्स, शरद १६१०. त्या वर्षाच्या जानेवारीत पादुआत असताना गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले होते. मार्चमध्ये व्हेनिसला ते पुस्तकरूपाने छापून मोकळा झाला होता. सप्टेंबरात विद्यापीठ सोडून मेदिचींच्या दरबारी नोकरीवर आला होता. शुक्राकडे त्याने इतका उशीर का केला, याचे उत्तर आकाशातच आहे. मे १६१० च्या सुमारास शुक्र सूर्यापलीकडे होता. नंतरचे काही महिने तो संध्याप्रकाशात अगदी खाली होता. ऑक्टोबरात तो पश्चिमेला नीट वर आला आणि निरीक्षणे सुरू झाली.

दुर्बीण साधारण वीसपट मोठे करणारी. पुढचे भिंग व्हेनिसच्या काचेचे, हाताने घासलेले. त्याच्यावर पुठ्ठ्याचे कडे लावून मधला थोडाच भाग उघडा ठेवलेला, कारण कडेकडेने भिंगाचा आकार बिघडलेला असे आणि प्रतिमेभोवती रंगीत झालर येई. प्रकाश कमी झाला तरी शुक्राच्या बाबतीत बिघडत नव्हते. तिथे प्रकाश जास्त होणे हीच अडचण होती. काळोखात दुर्बीण शुक्रावर रोखली तर ठिणग्यांचा गोळा दिसतो, आकार नाही. आभाळ अजून उजळ असताना पाहिले, तरच कडा स्वच्छ दिसते. आजही छोट्या दुर्बिणीने पाहणाऱ्याला हाच सल्ला देतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या दुर्बिणीतून त्याला काय दिसत असेल याचा अंदाज आपण करू शकतो. शुक्राचे बिंब तेव्हा चंद्रबिंबाच्या सुमारे एकशेचाळिसाव्या हिश्शाएवढे होते. वीसपट मोठे झाल्यावरही नुसत्या डोळ्यांच्या चंद्राच्या एक-सप्तमांश. मागे जाऊन गणित केले तर त्या वेळी शुक्राचा सुमारे चार-पंचमांश भाग उजळ होता, म्हणजे तो पुरता गोल नव्हता. पण एवढ्याशा ठिपक्यातली ती खोट गॅलिलिओच्या भिंगाला पकडता येणे कठीण होते, आणि त्याने लिहिले ते असे, की आधी शुक्र गोल, नेटका आणि अगदी लहान दिसत होता. यात त्याने थोडे जास्त गोल पाहिले असेल. युक्तिवादाला त्याने धक्का लागत नाही. चार-पंचमांश असो की पूर्ण, टॉलेमीच्या शुक्राला अर्धाही मंजूर नव्हता.

म्हणजे ऑक्टोबरातल्या त्या पहिल्या गोल ठिपक्यातच टॉलेमीचा शुक्र बाद झाला होता. पण गॅलिलिओला त्या वेळी ते म्हणता येणार नव्हते. गोल दिसणारा शुक्र स्वयंप्रकाशीही असू शकतो, सूर्याच्या वरही असू शकतो. तो झिजतो आहे, आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूने झिजतो आहे, हे दिसेपर्यंत गोल असण्याला अर्थ नव्हता. म्हणून थांबणे भाग होते. नोव्हेंबरात पूर्वेकडची कड चपटी होऊ लागली. डिसेंबरच्या मध्याला शुक्र सूर्यापासून सर्वांत दूर गेला आणि अर्धा झाला. सूर्याभोवती फिरणाऱ्या शुक्राने नेमके तेव्हाच अर्धे व्हायचे असते; टॉलेमीच्या शुक्राने त्याच जागी कोर दाखवायला हवी होती.

याच सुमारास एक पत्र वाटेत होते. बेनेदेत्तो कास्तेल्ली हा गॅलिलिओचा पादुआतला शिष्य, बेनेडिक्टाईन संन्यासी, तेव्हा ब्रेशिया गावी होता. ५ डिसेंबरला त्याने गुरूंना विचारले, की कोपर्निकसचे खरे असेल आणि शुक्र सूर्याभोवती फिरत असेल, तर तो कधी शिंगांचा आणि कधी बिनशिंगांचा दिसायला हवा. आपल्या दुर्बिणीतून असे काही आढळले आहे का? त्यानंतर सहाच दिवसांनी गॅलिलिओने प्रागला कोडे पाठवले. या सहा दिवसांवरून इतिहासकारांत जुंपली. १९८०च्या दशकात रिचर्ड वेस्टफॉल यांनी शंका घेतली, की कल्पना शिष्याची असावी आणि गुरूने ती घाईघाईने आपल्या नावे कुलूपबंद केली असावी. ओवेन गिंजरिच आणि इतरांनी त्या महिन्यांतल्या शुक्राच्या स्थितीचे गणित मांडून उत्तर दिले: पत्र हाती पडल्यावर पाहायला सुरुवात केली असती, तर गॅलिलिओला लहान गोल शुक्र दिसलाच नसता, कारण तोवर तो अर्ध्यावर आला होता. त्याने जे टप्पे वर्णन केले ते आकाशाशी जुळतात. मला हे उत्तर पटते. अर्थात पाहत होता तो आधीपासून, पण कोडे घालण्याची निकड त्या पत्राने लागली असेल, एवढी शक्यता राहतेच. कोडे गेले तेव्हा शुक्राची कोर झालेली नव्हती. चंद्राची सगळी रूपे तो घेणार हे गॅलिलिओने गोल ते अर्धा एवढ्या वाटचालीवरून ताडले होते.

३० डिसेंबरला त्याने दोन पत्रे लिहिली. एक कास्तेल्लीला, दुसरे रोमला ख्रिस्तोफर क्लाव्हियसला. दुसरे जास्त महत्त्वाचे. क्लाव्हियस हा जेझुइटांच्या रोमन कॉलेजचा वयोवृद्ध गणिती, ग्रेगोरियन पंचांगामागचा माणूस, आणि टॉलेमीच्या रचनेचे पाठ्यपुस्तक युरोपभर ज्याच्या नावाने चाले तो. गॅलिलिओने त्याला क्रमाने सांगितले: आधी गोल आणि लहान, मग पूर्वेकडून झिजत अर्धा, आता शिंगे फुटू लागली आहेत. पुढे काय होईल तेही सांगितले: कोर बारीक आणि मोठी होत जाईल, मग शुक्र पहाटे दिसू लागेल तेव्हा पुन्हा कोर, नंतर अर्धा, नंतर गोल. पडताळून पाहायला फक्त दुर्बीण आणि काही महिने हवे होते.

कॉलेजातल्या जेझुइटांकडे दोन्ही होते. इतिहासात त्यांना अनेकदा दुर्बिणीतून पाहायला नकार देणाऱ्या हटवादी मंडळींत ढकलले जाते, आणि तो अन्याय आहे. ते स्वतः दुर्बिणी घडवत होते, शुक्र पाहत होते. फेब्रुवारी-मार्च १६११ च्या संधिकाळात शुक्र सूर्याच्या अलीकडून गेला. त्याआधी त्याची कोर एवढी मोठी झाली होती, की वीसपट दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांच्या चंद्राच्या दोन-तृतीयांशाएवढी दिसावी. शंकेला जागा नव्हती. मार्चअखेर गॅलिलिओ रोमला आला. १९ एप्रिलला कार्डिनल बेलार्मिन यांनी आपल्या संघाच्या गणित्यांना लेखी विचारले, की या नव्या गोष्टी खऱ्या की दृष्टिभ्रम? २४ एप्रिलला क्लाव्हियस, ग्रीनबर्गर, मालकोट आणि लेम्बो या चौघांनी सही करून उत्तर दिले. चंद्रावरचे डोंगर या मुद्द्यावर क्लाव्हियसने हात आखडता घेतला. शुक्राबद्दल मात्र चौघांचे एकमत: तो चंद्रासारखा कमी-जास्त होतो हे अगदी खरे आहे. त्याच वर्षी छापलेल्या आपल्या ग्रंथसंग्रहात क्लाव्हियसने या शोधांची नोंद करून ज्योतिर्विदांना सुचवले, की आता आकाशातले गोल कसे मांडायचे याचा विचार करा. काही महिन्यांत, फेब्रुवारी १६१२ मध्ये, तो वारला.

त्याने ‘विचार करा’ म्हटले, ‘कोपर्निकस खरा’ म्हटले नाही. हा फरक शब्दच्छल नव्हता.

वर आपण पाहिले, की टॉलेमीच्या शुक्राचे लहान वर्तुळ दूर सरकवले तर दिशा बदलत नाहीत. मग ते एवढे सरकवा की त्याचा मध्य सूर्यावरच जाऊन बसेल. आता शुक्र सूर्याभोवती फिरतो. सूर्य त्याला बरोबर घेऊन पृथ्वीभोवती फिरतो. पृथ्वी जागची हलत नाही. कला सगळ्या मिळतात, क्रमाने मिळतात, आकारासकट मिळतात. गमवावा लागतो तो फक्त एकात एक बसणाऱ्या, एकमेकांत न शिरणाऱ्या गोलांचा नियम. असे काहीसे पाचव्या शतकात मार्तियानुस कापेल्लाने बुध-शुक्रापुरते सुचवलेही होते. आणि डेन्मार्कच्या टायको ब्राहेने १५८८ मध्ये, दुर्बिणीच्या वीस वर्षे आधी, ती रचना सगळ्या ग्रहांना लावून पूर्ण केली होती: पाचही ग्रह सूर्याभोवती, सूर्य आणि चंद्र पृथ्वीभोवती. गोल एकमेकांत शिरतात याची टायकोला फिकीर नव्हती, कारण टणक गोलांवरचा त्याचा विश्वास धूमकेतूंच्या निरीक्षणातून आधीच उडाला होता.

पृथ्वी, सूर्य आणि शुक्र यांची एकमेकांपासूनची अंतरे आणि कोन टायकोत आणि कोपर्निकसात हुबेहूब सारखेच आहेत. फक्त स्थिर कोण मानायचे हे वेगळे. म्हणून शुक्राच्या कला कितीही बारकाईने मोजल्या तरी या दोघांत निवाडा होऊ शकत नाही. अगदी आजच्या दुर्बिणीनेही नाही. गॅलिलिओला हे कळत नसेल असे मला वाटत नाही. ज्युलियानोला लिहिलेल्या उकलीच्या पत्रात त्याने काढलेला निष्कर्ष तंतोतंत आहे: ग्रह स्वभावतः काळोखे आहेत, आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो. इथपर्यंत पुरावा बोलतो. पण १६३२ च्या ‘संवाद’ या आपल्या ग्रंथात त्याने सामना फक्त टॉलेमी आणि कोपर्निकस या दोन रचनांत लावला, आणि टायकोला आखाड्यात उतरूच दिले नाही. हरलेल्या पैलवानाशी पुन्हा कुस्ती खेळण्याचा हा प्रकार होता, आणि वाचणाऱ्या जेझुइटांना तो खटकल्यावाचून राहिला नसणार.

कारण तोवर ते टॉलेमीला सोडून गेले होते. ५ मार्च १६१६ रोजी रोमने कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत स्थगित केला, आणि पृथ्वी फिरते असे सत्य म्हणून मांडायला बंदी आली. चर्चची आज्ञा आणि दुर्बिणीतला शुक्र या दोहोंशी प्रामाणिक राहायचे तर एकच जागा उरत होती, आणि ती टायकोची. जुझेप्पे ब्यांकानी या जेझुइटाच्या १६२० च्या पाठ्यपुस्तकात ती घेतलेली दिसते. १६५१ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोलीचा ‘आल्माजेस्तुम नोव्हुम’ हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या मुखचित्रात ज्योतिषाची देवता हातात तराजू धरून उभी आहे. एका पारड्यात कोपर्निकसची रचना, दुसऱ्यात टायकोच्या धर्तीवरची रिच्चोलीची स्वतःची. आणि जड भरले आहे ते अर्थातच लेखकाचे पारडे. टॉलेमीची रचना खाली जमिनीवर टाकून दिलेली आहे, वजनालासुद्धा घेतलेली नाही. वर कोपऱ्यात बालदेवदूतांच्या हाती ग्रह आहेत, आणि त्यांतला शुक्र कोरेचा आहे. पृथ्वी स्थिर मानणाऱ्या माणसाने आपल्या ग्रंथाच्या दर्शनी पानावर शुक्राची कला मिरवावी, यात विसंगती काहीच नव्हती.

शुक्राने पृथ्वीला मध्यावरून हलवले नाही. त्याने हलवला तो ‘सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते’ हा नियम. गुरूचे चंद्र गुरूभोवती फिरताना दिसले होते, पण ते नवे, अनोळखी ठिपके होते. शुक्र मात्र सात जुन्या ग्रहांतला एक, ज्याची कोष्टके हजारो वर्षे चालत आली होती, आणि त्याचा मध्य पृथ्वी नाही हे आता त्याच्या कडेवर वाचता येत होते. एकदा शुक्र गेला, की बुधाला अडवून धरणे कठीण होते. त्याच्या कला इटलीतच जोव्हान्नी झुपी या जेझुइटाने १६३९ मध्ये पाहिल्या.

पृथ्वी स्वतः फिरते याचा पहिला प्रत्यक्ष पुरावा शुक्राकडून नव्हे, ताऱ्यांकडून आला. इंग्लंडच्या जेम्स ब्रॅडलीने १७२८ मध्ये दाखवले, की पृथ्वीच्या वेगामुळे ताऱ्यांची जागा वर्षभरात किंचित सरकते. पृथ्वीच्या कक्षेच्या दोन टोकांवरून एखादा जवळचा तारा वेगवेगळ्या दिशांना दिसतो, हे मोजून दाखवायला १८३८ साल उजाडले. ते काम बेसेलने केले. कोपर्निकसचा ग्रंथ आणि गॅलिलिओचा ‘संवाद’ ही दोन्ही पुस्तके रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून त्याआधी तीनच वर्षे, १८३५ च्या आवृत्तीत, वगळली गेली होती.